खाली ओढलेल्या फॉर्म्युल्यात डॉलर लावायचा राहिलाय का, हे एकेक सेल न उघडता कसं तपासायचं?

प्रश्न: वाळपईजवळच्या एका काजू खरेदी केंद्राचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. किलोचा दर E2 मध्ये, हमाली E3 मध्ये, चौथी ओळ रिकामी, पाचवीत शीर्षकं आणि सहाव्या ओळीपासून नोंदी आहेत. D मध्ये वजन, E मध्ये रक्कम. E6 मध्ये =D6*E2 लिहून खाली E805 पर्यंत ओढलं. पहिली रक्कम बरोबर आली, पण खाली कुठे शून्य, कुठे #VALUE!, कुठे लाखांचे आकडे. ‘E2 या पत्त्याला $ चिन्ह, म्हणजे डॉलर, लावायचा राहिला असेल’ असं सगळे सांगतात. आठशे ओळी कशा तपासू? आणि जिथे आकडा ठीक दिसतोय तिथे तो बरोबर धरू का?

उत्तर: धरू नका. शून्य आणि #VALUE! स्वतःच ओरडून सांगतात, त्यांची भीती नाही. ठीक दिसणारे आकडे आधी तपासायचे. डॉलर राहिलाय हे तर नक्की. तुम्ही दिलेली मांडणी आणि बिघाडाचा क्रम दोन्ही जुळतात, म्हणून फाइल न बघताही सांगता येतं.

आधी आत काय झालंय ते पाहू, म्हणजे तपासताना नेमकं काय शोधायचं ते कळेल. फॉर्म्युला एक ओळ खाली गेला की त्यातले डॉलर नसलेले सगळे पत्ते एक ओळ खाली सरकतात. D6 चा D7 झाला तर बरंच, वजन त्या-त्या ओळीचंच हवं. पण त्याच्याबरोबर E2 चाही E3 होतो. तुमच्या पहिल्या काही ओळींत प्रत्यक्षात हे बसलंय:

```
E6    =D6*E2
E7    =D7*E3
E8    =D8*E4
E9    =D9*E5
E10   =D10*E6
E11   =D11*E7
```

उदाहरणासाठी दर १४० रुपये आणि हमाली किलोमागे २ रुपये धरू. सहाव्या ओळीत ३८ किलो, म्हणजे ५,३२० रुपये. बरोबर. सातव्या ओळीत ५२ किलो, पण त्याला दराऐवजी हमालीने गुणलं गेलं. व्हायला हवे होते ७,२८०, आले १०४. आठव्या ओळीतला फॉर्म्युला रिकाम्या E4 कडे बघतो, आणि रिकामा सेल गुणाकारात शून्य धरला जातो, म्हणून तिथे शून्य. नववी ओळ E5 मधल्या ‘रक्कम’ या शीर्षकाने गुणायला जाते. अक्षरांना गुणता येत नाही, म्हणून #VALUE!.

दहाव्या ओळीपासून खरी गंमत सुरू होते. E10 मधला दुसरा पत्ता आता E6 झालाय. म्हणजे दर संपला आणि फॉर्म्युला आपल्याच कॉलममधली वरची रक्कम दर म्हणून घेऊ लागला. ४५ किलो गुणिले ५,३२०, म्हणजे २,३९,४०० रुपये. चौदाव्या ओळीत २० किलो असतील तर त्यांना या २,३९,४०० ने गुणून ४७,८८,००० येतील. आणखी चार ओळींनी ते कोटींत जाईल. तुम्हाला दिसलेले लाखांचे आकडे इथून आलेत. चुकीच्या रकमेवर चुकीची रक्कम चढत जाते.

आता अकरावी ओळ बघा. ३० किलो आहेत. E11 मध्ये D11 गुणिले E7, आणि E7 मध्ये आधीच चुकून आलेले १०४ आहेत. उत्तर ३,१२०. यात वावगं काहीच दिसत नाही. ३० किलो काजूला तीन हजारांच्या आसपास रक्कम कुणालाही पटेल. खरी रक्कम मात्र ४,२०० आहे. त्या शेतकऱ्याला १,०८० रुपये कमी गेले असते आणि कागदावर कुणाची नजरही अडली नसती. नुसत्या नजरेने तपासणं इथेच फसतं. लाखांचे आकडे आणि शून्यं ‘दुरुस्त’ करून लोक मोकळे होतात, आणि अशा ओळी तशाच राहतात.

ओळखण्याची एक खूण आहे. तुमचा बिघाड दर चार ओळींनी फिरून येतो. ८, १२, १६ या ओळींत शून्य, ९, १३, १७ मध्ये #VALUE!. कारण पहिला फॉर्म्युला सहाव्या ओळीत आणि दर दुसऱ्या ओळीत, मधलं अंतर चार. फॉर्म्युला असलेल्या कॉलममध्येच वर दर ठेवला आणि डॉलर विसरला की बिघाडाला अशी ठराविक चाल येते, आणि त्या चालीची लांबी म्हणजे दराचा सेल व पहिली ओळ यांतलं अंतर. हा ताल दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका. दर वेगळ्याच कॉलममध्ये, समजा H2 मध्ये असता आणि त्याखाली काही नसतं, तर पहिली ओळ सोडून खाली सगळीकडे शून्यंच आली असती. ते फार बरं, एका क्षणात कळतं. डॉलर लावल्यावरही #VALUE! एखाद्याच ओळीत उरला तर मात्र त्या ओळीचं वजन बघा. कुणीतरी D मध्ये ‘३८ किलो’ असं अक्षरांसकट लिहिलेलं सापडेल. त्याचा डॉलरशी संबंध नाही.

आता तपासणी. दुरुस्ती करण्याआधी E कॉलम कॉपी करून बाजूच्या मोकळ्या कॉलममध्ये, समजा G मध्ये, Paste Special मधून Values म्हणून चिकटवून ठेवा. या रकमांवरून पावत्या फाडल्या असतील तर कोणाला किती कमी-जास्त गेलं हे नंतर काढावं लागेल. एकदा फॉर्म्युला सुधारला की जुने आकडे नाहीसे होतात.

पहिलं पाऊल अगदी साधं आहे. वरची ओळ बघूच नका. फॉर्म्युला तिथेच लिहिलेला असतो, त्यामुळे डॉलर असो वा नसो, तिथलं उत्तर बरोबरच येतं. हिशेब तपासायला आला की मी थेट तळाला जातो. E6 वर उभं राहून Ctrl आणि खालचा बाण दाबा, E805 वर पोचाल. तिथे F2 दाबा. फॉर्म्युल्यात वापरलेल्या सेलना एक्सेल रंगीत चौकटी काढतं. एक चौकट D805 ला पडायला हवी, ती पडेल. दुसरी E2 ला पडायला हवी. तुमच्याकडे ती चारच ओळी वर, E801 ला दिसेल, आणि प्रश्न तिथेच संपेल. फॉर्म्युला बरोबर असता तर ही दुसरी चौकट स्क्रीनवर दिसलीच नसती, कारण E2 आठशे ओळी वर राहिलाय. तळाच्या ओळीत दराची चौकट जवळपास दिसणं हेच वाईट लक्षण. बघून झालं की Enter नको, Esc दाबून बाहेर पडा.

पण शेवटचा सेल फक्त स्वतःबद्दल सांगतो. मधल्या ७९८ ओळींचं काय? कुणी मध्येच दोन-चार ठिकाणी हाताने दुरुस्ती केलेली असू शकते. इथे बहुतेक जण एक्सेलच्या हिरव्या त्रिकोणावर विसंबतात. फॉर्म्युला शेजाऱ्यांपेक्षा वेगळा असला की सेलच्या डाव्या कोपऱ्यात जो छोटा त्रिकोण येतो, तो. या चुकीसाठी तो निरुपयोगी आहे. तुमचे आठशेही फॉर्म्युले एकाच साच्याचे आहेत, सगळे सारखेच चुकलेत, त्यामुळे एक्सेलच्या लेखी विसंगती काहीच नाही. #VALUE! असलेल्या सेलवर त्रिकोण दिसेल, पण तो एररसाठी असतो. E11 मधल्या ३,१२० वर काही येणार नाही. उलट तुम्ही मधला एकच सेल उघडून त्यात डॉलर घातलात तर त्रिकोण त्या एकमेव बरोबर सेलवर येईल! मग कुणीतरी भाबडेपणाने त्यातल्या Copy Formula from Above वर क्लिक करतो आणि बरोबर होतं तेही बिघडतं.

आठशे सेल एका सेलच्या कामात तपासायची खरी युक्ती वेगळी आहे. File, Options, Formulas मध्ये जाऊन R1C1 reference style वर टिक करा. कॉलमच्या A, B, C ऐवजी वर १, २, ३ दिसू लागतील आणि फॉर्म्युले वेगळ्या भाषेत लिहिलेले दिसतील. दचकू नका, आत काही बदललेलं नाही. तुमचा फॉर्म्युला असा दिसेल:

```
=RC[-1]*R[-4]C
```

याचा अर्थ: याच ओळीतला, एक कॉलम डावीकडचा सेल, गुणिले याच कॉलममधला, चार ओळी वरचा सेल. या पद्धतीत चौकोनी कंस म्हणजे ‘इथून इतकं दूर’, आणि कंस नसलेला आकडा म्हणजे ठरलेली जागा. आता स्वतःला विचारा की दर ‘इथून चार ओळी वर’ असतो का? नाही. तो दुसऱ्या ओळीत, पाचव्या कॉलममध्ये असतो. म्हणजे फॉर्म्युला असा हवा:

```
=RC[-1]*R2C5
```

याचा मोठा फायदा असा की नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक ओळीचा फॉर्म्युला वेगळा दिसतो, इथे आठशेही ओळींत अक्षरन् अक्षर तोच दिसायला हवा. एका सेलचा नीट वाचलात की कॉलम वाचला. Ctrl आणि ` (डावीकडे वर, Esc खालची कळ) एकत्र दाबलं की उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसतात. मग पान खाली सरकवत जायचं, वेगळा मजकूर लगेच डोळ्यात भरतो. काम झालं की दोन्ही गोष्टी पूर्ववत करा. R1C1 ची निवड फाइलबरोबर साठवली जाते, आणि दुसऱ्याने ती फाइल पहिली उघडली की त्याच्या एक्सेलमध्येही कॉलमचे आकडे होतात. मग ‘एक्सेल बिघडलं’ म्हणून फोन येतात. शिमग्याच्या सुट्टीतसुद्धा.

दुसरी पद्धत उलट दिशेने जाते आणि मला ती जास्त आवडते. फॉर्म्युला कुठे बघतो हे विचारण्याऐवजी दरालाच विचारायचं की तुझ्याकडे कोण-कोण बघतंय. E2 वर उभे राहा आणि Ctrl सोबत ] दाबा. ज्या-ज्या फॉर्म्युल्यात E2 थेट वापरलाय ते सगळे सेल निवडले जातात. दर बरोबर जोडलेला असेल तर E6 ते E805 असा सगळा पट्टा उजळेल आणि खाली स्टेटस बारमध्ये Count: 800 दिसेल. तुमच्या फाइलमध्ये मात्र कर्सर नुसता E6 वर जाऊन थांबेल. आठशे ओळींतली एकच ओळ दराला ओळखते, हे याहून स्पष्ट दुसरं काही सांगणार नाही.

दुरुस्तीनंतरही हीच तपासणी पुन्हा करा. समजा Count ७९७ आला. म्हणजे तीन ओळी दराशी जोडलेल्या नाहीत. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी फॉर्म्युला पुसून आकडा टाइप केलेला असतो. E6 ते E805 निवडून F5, मग Special, मग Constants घ्या, ते तिन्ही सेल उजळतील. दुसऱ्या कॉलममध्येही E2 वापरला असेल तर Count तेवढा जास्त येईल, ते लक्षात ठेवा. आणि ही पद्धत एकाच शीटपुरती आहे. दर दुसऱ्या शीटवर असेल तर Ctrl ] उपयोगाचं नाही. तिथे Formulas मधलं Trace Dependents दाबल्यावर तुटक रेघेचा बाण आणि छोट्या शीटचं चित्र दिसतं. बाणाच्या रेघेवर दोनदा क्लिक केलं की बघणाऱ्या सेलची यादी येते.

आता दुरुस्ती. E6 वर F2, कर्सर E2 या पत्त्यात ठेवा, F4 एकदा दाबा. $E$2 होईल. पुन्हा दाबलं तर E$2, मग $E2, मग परत E2 असं चक्र फिरतं. बऱ्याच लॅपटॉपवर Fn सोबत दाबावं लागतं, नाहीतर भलतंच काहीतरी होतं. खरं तर खालीच ओढायचं असेल तर E$2 पुरतो, कारण सरकतो तो ओळीचा आकडा. पण पुढे कधी कॉलम उजवीकडे कॉपी झाला तर अक्षरही सरकेल, म्हणून दर, टक्केवारी अशा एकाच जागी असलेल्या आकड्यांना मी दोन्ही डॉलर लावतो.

```
=D6*$E$2
```

मग E6 ते E805 निवडून Ctrl D. कोपऱ्याच्या ठिपक्यावर दोनदा क्लिक करूनही खाली भरता येतं, पण शेजारच्या नोंदींत मध्ये रिकामी जागा असेल तर ते मध्येच थांबू शकतं. पट्टा निवडून Ctrl D केलं की तो प्रश्न उरत नाही.

घाईत D6 लाही डॉलर लावू नका. =$D$6*$E$2 झालं की आठशे जणांना ३८ किलोचे ५,३२० रुपये मिळतील. ही चूक लवकर दिसते, पण शेजारी वेगवेगळी वजनं असूनही रक्कम तीच आहे हे बघायला कुणीतरी दोन ओळी एकत्र वाचाव्या लागतात. ‘सगळीकडे डॉलर लावून टाका’ हा सल्ला देणारे भेटतील. त्यांना विचारा की चालू बेरीज, म्हणजे =SUM(D$6:D6), कशी करणार? तिथे पहिला पत्ता थांबलेला आणि दुसरा सरकणारा असाच हवा.

दुरुस्तीनंतर एक बेरजेचा ताळा घ्या. दर एकच आहे तोवर एकूण वजन गुणिले दर आणि रकमांची बेरीज सारखी यायलाच हवी. मोकळ्या सेलमध्ये:

```
=ROUND(SUM(D6:D805)*E2-SUM(E6:E805),2)
```

उत्तर शून्य यावं. ROUND अशासाठी की वजनं ग्रॅमपर्यंत लिहिलेली असली तर नुसत्या वजाबाकीत शून्याऐवजी शून्याजवळचा एखादा विचित्र अपूर्णांक उरतो आणि विनाकारण शंका येते. फरक एखाद्याच नोंदीएवढा आला तर आधी त्या वजनाचा सेल बघा. आकडा मजकूर म्हणून साठवलेला असेल, म्हणजे सेलमध्ये डावीकडे टेकलेला दिसत असेल, तर गुणाकार त्याला आकडा समजून रक्कम काढतो पण SUM त्याला मोजत नाही. अशा वेळी रक्कम बरोबर आणि ताळा चुकीचा असतो. सध्याच्या फाइलवर हा ताळा लावायला गेलात तर #VALUE! येईल, कारण बेरजेत एक जरी एरर आला तरी पूर्ण बेरीज एरर होते.

याच जागी लोक एक घातक गोष्ट करतात. बेरीज येत नाही म्हणून फॉर्म्युल्याभोवती IFERROR लावतात, एरर असेल तर शून्य. तुमच्या फाइलला ते केलं असतं तर नववी ओळ शून्य झाली असती, तेरावी नवव्याकडे बघते म्हणून तीही शून्य, आणि शेवटी एकही #VALUE! न दिसता छान बेरीज आली असती. चूक तशीच, फक्त ओरडायची थांबली. डॉलर तपासून होईपर्यंत IFERROR हात लावायची गोष्ट नाही. आधीच लावलेला असेल तर तपासण्यापुरता काढा.

फाइल रोज वाढते आणि दोघे-तिघे हाताळतात, असं असेल तर कायमचा पहारेकरी बसवता येतो. H6 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ISNUMBER(SEARCH("$E$2",FORMULATEXT(E6)))
```

FORMULATEXT हे सेलमधला फॉर्म्युला मजकूर म्हणून देतं. एक्सेल २०१३ पासून आहे. त्यात $E$2 सापडलं तर TRUE, नाहीतर FALSE. कुणी फॉर्म्युला पुसून आकडा लिहिला तरी FALSE येतं, तो वेगळा फायदा. वर एका ठिकाणी =COUNTIF(H6:H805,FALSE) ठेवा आणि शून्य आहे का एवढंच बघा. इथे E6 ला डॉलर नकोय, हे एव्हाना सांगायला नको. R1C1 चालू असताना हा पहारेकरी सगळीकडे FALSE देईल, कारण तेव्हा फॉर्म्युल्याच्या मजकुरात $ नसतोच.

शेवटी एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही, पण काजूच्या हिशेबात ती येणारच. सगळ्या ओळी $E$2 ला बांधल्या की गणित बरोबर होतं, पण मार्च ते मे या हंगामात दर एकच राहणार आहे का? एप्रिलमध्ये दर बदलला आणि तुम्ही E2 मध्ये नवा आकडा टाकला की मार्चमध्ये दिलेल्या सगळ्या पावत्यांच्या रकमाही त्याच क्षणी बदलतील. डॉलरने ते टळत नाही, उलट डॉलरमुळेच ते घडतं. दर तारखेनुसार वेगळ्या शीटवर ठेवा. समजा Dar नावाच्या शीटवर A2 पासून ‘या तारखेपासून’ आणि B मध्ये त्या तारखेपासूनचा दर, जुनी तारीख वर आणि नवी खाली. नोंदीची तारीख A कॉलममध्ये असेल तर:

```
=D6*VLOOKUP(A6,Dar!$A$2:$B$6,2,TRUE)
```

यातही डॉलर राहिला तर यादीचा पट्टा ओळीगणिक एकेक सेल खाली घसरतो. सातव्या ओळीतच यादीतला सर्वांत वरचा दर पट्ट्याबाहेर पडतो आणि त्या दिवसांच्या नोंदींना #N/A येऊ लागतो. पाच-सहा ओळींत पूर्ण यादी मागे राहते. इथे Dar शीटवरच्या A2 साठी Trace Dependents करा, म्हणजे यादीतल्या सर्वांत वरच्या सेलसाठी. खालच्या सेलसाठी नको, कारण घसरणारा पट्टा खालच्या सेलवरून काही ओळी जातच असतो आणि तिथे चार-पाच ओळी जोडलेल्या दिसून समाधान होतं. वरचा सेल पहिल्या ओळीनंतर लगेच सुटतो, तोच खरं सांगतो.

डॉलर बरोबर लावल्यावरही या मांडणीत एक फट राहते. पट्टा B6 ला थांबवलाय. हंगामात सहावा दर आला आणि तुम्ही तो A7, B7 मध्ये लिहिला, तर फॉर्म्युला तो बघणारच नाही. एरर येणार नाही, शून्य येणार नाही, शेवटचा जुना दरच लागत राहील. म्हणून दरांची यादी निवडून Ctrl T ने तिचं टेबल करा आणि त्याला DarYadi असं काही नाव द्या. मग फॉर्म्युला =D6*VLOOKUP(A6,DarYadi,2,TRUE) एवढाच होतो. नावाला डॉलर लागत नाही, खाली ओढताना ते सरकत नाही, आणि टेबलाला लागून खाली नवी ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढतं. नवा दर लिहिल्यावर त्या तारखेच्या पहिल्या नोंदीची रक्कम भागिले वजन करून बघा. नवा दर मिळाला म्हणजे जोडणी झाली.